कोट कधी उघडा, कधी बंद, कधी नुसताच खांद्यावर: कट जुळत नसेल तर

लक्षण ओळखीचं आहे. लांबच्या शॉटमध्ये माणूस कोटाची बटणं लावून बसलाय. पुढच्या क्लोजमध्ये तोच माणूस, तेच वाक्य, पण कोट मोकळा. परत लांबचा शॉट, कोट परत बंद. एडिटर फोन करतो आणि म्हणतो, "तुमच्या म्हाताऱ्याचा कोट जादूचा आहे का?" मग तुम्ही वही उघडता, आणि वहीत लिहिलेलं असतं: "कोट घातलेला."

माझ्या वहीतही तेच होतं. मी पुण्यात छोट्या फिल्म्सवर कंटिन्युइटी बघते, म्हणजे एका शॉटमधले कपडे, वस्तू, हालचाली पुढच्या शॉटशी जुळतायत ना ते. कपड्यांमधल्या ज्या चुका माझ्याकडून किंवा माझ्या डोळ्यांदेखत झाल्या, त्यात कोटाचा नंबर पहिला. साडीचा पदर लक्षात राहतो, चष्मा लक्षात राहतो. कोट मात्र 'आहे' म्हटलं की आपण निर्धास्त होतो. तो तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी 'असू' शकतो आणि एका सीनमध्ये तिन्ही तऱ्हा येऊन जाऊ शकतात, हे तेव्हा सुचत नाही.

एक सीन सांगते, म्हणजे चूक नेमकी कुठे शिरते ते कळेल.

सदाशिव पेठेतला वाडा, डिसेंबर. अण्णा नावाचं पात्र रात्री उशिरा घरी येतं. अंगात मुलाचा जुना तपकिरी लोकरीचा कोट, तीन बटणांचा. येताना वरची दोन लावलेली, खालचं सुटं. अण्णा झोपाळ्यावर बसतात. सून चहा आणते आणि विचारते, "गाडी चुकली का अण्णा?" अण्णा म्हणतात, "गाडी नाही चुकली. मीच उतरलो नाही." मग बटणं सोडतात. थोड्या वेळानं उठून कोट खुंटीला लावायला म्हणून काढतात, पण गारठा जाणवतो तसा तोच कोट खांद्यावर टाकून गॅलरीत जातात. बंद, मोकळा, खांद्यावर. दीड पानाच्या सीनमध्ये तिन्ही.

पहिल्या रात्री आम्ही मास्टर घेतला, म्हणजे सबंध सीन लांबून एका दमात: सीन 11, शॉट 1, चार टेक. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्यांना काळी कापडं लावून उरलेले शॉट घेतले. शॉट 3 म्हणजे अण्णांचा क्लोज. शॉट 4 म्हणजे अण्णांच्या खांद्यावरून दिसणारी सून. दिग्दर्शकानं मास्टरचा टेक 3 ओके केला होता. टेक 4 आम्ही फक्त हाताशी असावा म्हणून घेतला होता.

एडिटिंगच्या टेबलावर आल्यावर दिसलं ते असं. मास्टरच्या टेक 3 मध्ये बटणं 'उतरलो' या शब्दावर सुटतात. क्लोजमध्ये कोट पहिल्यापासून मोकळा. आणि शॉट 4 मध्ये, जिथं अण्णांची पाठ आणि खांदा पुढं दिसतो, तिथं कोट चक्क खांद्यावर टाकलेला. सीनमध्ये अजून तो काढलेलाही नाही.

हे कसं झालं ते शोधायला मी चारही टेक पुन्हा पाहिले, आवाज बंद करून, फक्त बटणांकडे बघत. टेक 1 मध्ये नट बसता बसता बटणं सोडतो. टेक 2 मध्ये कप हातात घेतल्यावर. टेक 3 मध्ये वाक्यावर. टेक 4 मध्ये परत बसता बसता. त्याच्याकडून काही चुकलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की नेमकं कधी सोडायचं, आणि तो दर वेळी सीन नव्यानं शोधत होता. चूक माझी होती. मी 'कोट घातलेला' हे तालमीच्या वेळी लिहिलं आणि फोटो काढला तो टेक 4 चा 'कट' झाल्यावर. म्हणजे वहीत सीनची सुरुवात, फोटोत सीनचा शेवट, आणि फोटो तर ओके झालेल्या टेकचाही नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रेसदादांनी तो फोटो मागितला. फोटोत कोट खांद्यावर. दुपारची वेळ, बंद खोली, दोन मोठे लाइट. नटालाही कोट खांद्यावरच बरा वाटत होता. दादांनी फोटोशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे, मॅडम." मीही मान हलवली. क्लोजच्या वेळी दिग्दर्शकानं कोट नीट घालायला सांगितला, तेव्हा कुणीतरी म्हणालं की काल बसल्यावर मोकळाच होता. तेही खरंच होतं, टेक 4 मध्ये.

पुण्यातली हवाही यात हातभार लावते, हे गमतीनं सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथं रात्रीचा पारा बऱ्याचदा 10-12 अंशांपर्यंत उतरतो. लाइट हलवायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात नट गारठून सगळी बटणं लावून घेतो. 'रोलिंग' ऐकल्यावर तो सीनमध्ये शिरतो, बटणं तशीच राहतात. दुपारी याच्या उलट. त्यामुळे क्लॅप द्यायच्या आधी कोटाकडे एक नजर टाकायची, दर टेकला, पहिल्या टेकला टाकली होती तरीही.

आता वहीत काय लिहायचं ते.

आधी शब्द पक्के करा, कारण मराठी इथं घोळ घालते. 'कोट अंगावर' म्हणजे घातलेलाही असू शकतो आणि पांघरलेलाही. 'कोट सोडला' म्हणजे बटणं सोडली की कोट काढून ठेवला? आणि 'उघडा' हा शब्द तर जपून वापरा. मी एकदा घाईत 'अण्णा उघडे' लिहिलं, तर नवीन असिस्टंट प्रामाणिकपणे विचारत आला की शर्टपण काढायचाय का. तेव्हापासून आमच्या वहीत तीनच शब्द चालतात: 'बंद', 'मोकळा', 'खांद्यावर'. बंद आणि मोकळा म्हणजे हात बाह्यांमध्ये आहेत. खांद्यावर म्हणजे बाह्या रिकाम्या. चौथा शब्द कुणी वापरला तर मी खोडते.

'बंद' एवढ्यानं भागत नाही, किती बंद ते हवं. बटणं वरून मोजायची, आणि वरूनच हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. शिंपी कुठूनही मोजो, सेटवर एकच रीत हवी. तीन बटणांच्या कोटाला मी '1, 2 लावलेली, 3 सुटं' असं लिहिते. सूटच्या कोटाचं सगळ्यात खालचं बटण रिवाजानं सुटंच ठेवतात. ज्याला ते ठाऊक आहे तो नट आपोआप सोडतो, ज्याला नाही तो लावतो, आणि बदली माणूस उभा केला असेल तर तो तिसरंच काही करतो. बंदगळा असेल तर गळ्याचा हुक वेगळा लिहा. बटणं सगळी लावलेली आणि हुक सुटा असेल तर क्लोजमध्ये तो हुकच आधी दिसतो.

'मोकळा'चेही दोन प्रकार पडतात. दोन्ही बाजू सरळ खाली पडलेल्या, किंवा एक बाजू मागे सारलेली, म्हणजे खिशात हात घातल्यावर होतं तशी. बसलेल्या माणसाचा कोट मोकळा असेल तर एक बाजू मांडीखाली दबलीय का तेही बघा. दबलेली बाजू खांदा खाली ओढते आणि कॉलर तिरकी दिसते. हे मी दर वेळी लिहीत नाही, पण फोटोत येईल एवढं बघते.

आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला घेतलं: कोटाची अवस्था सीनला जोडून लिहू नका, शब्दाला जोडून लिहा. 'सीन 11: कोट मोकळा' याला काही अर्थ नाही. कुठल्या टेकमध्ये, कुठल्या शब्दावर, कुठल्या हातानं, हे हवं. त्या सीनची नोंद मी आज अशी लिहिली असती:

सीन 11, शॉट 1, टेक 3 (ओके). येताना बंद: 1, 2 लावलेली, 3 सुटं. बसताना बंदच. कप डाव्या हातात. 'उतरलो'वर उजव्या हातानं 1 सुटतं, 'नाही'नंतर 2. मग मोकळा, दोन्ही बाजू सरळ. उठल्यावर डावा हात आधी बाहेर, मग उजवा. खुंटीपाशी थांबून खांद्यावर, कॉलर खाली.

स्क्रिप्टच्या पानावर त्या शब्दाभोवती गोल करायचा आणि समासात टेकचा आकडा लिहायचा. चार टेकमध्ये चार जागी बटण सुटलं तर चार गोल होतात, पान घाण दिसतं, दिसू दे. दिग्दर्शकानं टेक ओके केला की त्याच गोलावर ठळक रेघ मारायची आणि लगेच नटाला जाऊन सांगायचं, "दादा, 'उतरलो'वर सोडलीत तो टेक घेतलाय, पुढे तसंच ठेवूया." बहुतेक नटांना हे सांगितलेलं आवडतं. काहींना नाही आवडत; त्यांच्या बाबतीत मी दिग्दर्शकामार्फत सांगते.

हात कुठला हे फालतू वाटतं, पण कट बसतो तो तिथंच. हालचालीवर कट मारायचा म्हणजे मास्टरमध्ये हात बटणाकडे निघाला आणि क्लोजमध्ये तोच हात पोचला, की डोळा फसतो. एकीकडे उजवा निघाला आणि दुसरीकडे डावा पोचला, तर बटणं अगदी बरोबर असली तरी धक्का बसतो.

फोटोंचं थोडक्यात सांगते. एक फोटो 'अॅक्शन'च्या आधी आणि एक 'कट'नंतर लगेच, नट जागेवरून हलायच्या आत. समोरून आणि पाठीमागून. प्रत्येक फोटोत क्लॅपची पाटी किंवा कागदावर लिहिलेला टेकचा आकडा दिसलाच पाहिजे. आकडा नसलेला फोटो म्हणजे आमच्या टेक 4 चा फोटो. तो नसता तर दादांनी मला विचारलं तरी असतं. सीनच्या मध्ये अवस्था बदलत असेल तर मॉनिटरवरचा त्या क्षणाचाही एक फोटो मोबाइलवर काढून ठेवावा.

पाठीमागून का, तर खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये कोटाचा पुढचा भाग दिसतच नाही आणि सगळे गाफील राहतात. पण पाठ बरंच बोलते. बंद कोट पाठीवर ताणलेला असतो, मोकळा सैल पडतो. खांद्यावरचा कोट तर लगेच कळतो: खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते, कोपराचा बाक बाहीत दिसत नाही, बाही सपाट लोंबते. आमच्या शॉट 4 मध्ये मला उशिरा दिसलं ते म्हणजे अण्णांचा कप धरलेला हात कोटाच्या खालून येत होता, बाहीतून नाही. तेव्हापासून पाठमोऱ्या शॉटला मी एकच प्रश्न विचारते: हात कुठून येतोय?

खांद्यावरच्या कोटाची आणखी एक खोड आहे. तो एका जागी राहत नाही. अस्तर गुळगुळीत असतं, नट बोलताना खांदे उडवतो, आणि दर टेकला कोट दोन बोटं घसरतो. टेकच्या शेवटी डावा खांदा उघडा पडलेला, पुढच्या टेकला दादा तो परत नीट करतात, आणि कट मारल्यावर कोट स्वतःहून वर चढल्यासारखा दिसतो. याला सोपा उपाय आहे. शर्टाच्या खांद्याच्या शिवणीपाशी आतून सेफ्टी पिन लावून अस्तराला टाचायचं, किंवा दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावायची. पट्टी घामानं सुटते, त्यामुळे दुपारी पिनच बरी. पण टाचलेला कोट सीनमध्ये झटकन काढता येत नाही, तेव्हा तो शॉट वेगळा घ्यावा लागतो. नट खांद्यावर कोट टाकतानाची हालचाल आणि टाकल्यानंतरचं बोलणं, या दोन्हींमध्ये मी जमेल तिथं तुकडा पाडून घ्यायला सांगते. दिग्दर्शकाला सगळं एका दमात हवं असेल तर नाइलाज असतो. मग घसरणं हाही सीनचा भाग धरायचा आणि नटाला सांगायचं की मधे एकदा हातानं वर ओढ. हालचाल दिसली की प्रेक्षक हिशेब मागत नाही.

शूट होऊन गेलंय, आणि टेबलावर जुळत नाहीये. तेव्हा आधी बिघाड किती मोठा ते ठरवा. एक बटण कमी-जास्त, अंधाराचा सीन, आणि नटाचे डोळे तुम्हाला धरून ठेवतायत: सोडून द्या. एडिटर अभिनयाच्या बाजूनं निवड करतो आणि ते बरोबर आहे. पण घातलेला विरुद्ध खांद्यावर टाकलेला, हा फरक अंगाची आकृतीच बदलतो. तो मागच्या रांगेतल्यालाही दिसतो आणि कुठल्याही अभिनयानं झाकत नाही.

झाकायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा. सुनेवर कट मारायचा, तिच्यावर राहायचं, खाली कापडाची सळसळ आणि बटणाचा बारीक आवाज घालायचा, आणि परत अण्णांवर आलं की कोट मोकळा. प्रेक्षकानं ते ऐकलं, म्हणजे त्याच्या लेखी ते झालं. अट एकच, तेवढा वेळ जायला हवा. मी स्वतः कोट घालून घड्याळ लावून बघितलंय. दोन बटणं सोडायला मला दोन-तीन सेकंद लागतात, बाह्यांतून हात काढून कोट खांद्यावर टाकायला पाच-सहा. सुनेचा एक सेकंदाचा शॉट घालून कोट खांद्यावर दाखवला तर आवाज कितीही छान असो, खोटं वाटतं.

दुसरा उपाय म्हणजे फ्रेम मोठी करून कोट बाहेर ढकलायचा. 4के मध्ये शूट केलं असेल आणि फिल्म 1920 बाय 1080 मध्ये द्यायची असेल, तर दुप्पट मोठं करेपर्यंत चित्र फाटत नाही. इथंही एक फसवणूक आहे. गळ्यापर्यंत कापलं की सुटलो असं वाटतं, पण कॉलर बोलते. बंद कोटाची कॉलर मानेला लागून असते, मोकळ्याची फाकते, खांद्यावरच्या कोटाची मानेपासून मागे सरकते. कॉलर दिसत असेल तर हनुवटीच्या जरा खालीच कापा, नाहीतर कापूच नका.

आणि एक उपाय करू नका: शॉट आरशासारखा उलटवणं. बघण्याची दिशा जुळवायला एडिटर हे बिनदिक्कत करतात आणि चेहऱ्यावर ते बहुधा पचतंही. पण पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, काजं डावीकडे आणि बटणं उजवीकडे. उलटवलं की काजं उजवीकडे जातात आणि बायकांच्या कोटासारखं दिसतं. छातीचा खिसाही डावीकडून उजवीकडे जातो. कोट मोकळा असतानाही खिसा चुगली करतोच.

आमच्या सीनचं शेवटी असं झालं. शॉट 4 दीडपटीहून थोडा जास्त मोठा केला, अण्णांचा खांदा फ्रेमच्या बाहेर गेला आणि तो फक्त सुनेचा शॉट झाला. तिच्या नजरेची रेघ जराशी सैल वाटते, पण चालून गेलं. 'उतरलो'पर्यंत मास्टरचा टेक 3, हात पहिल्या बटणाकडे जाताना सुनेवर कट, तिथं तीन सेकंद, खाली बटणाचा आवाज, आणि मग क्लोजमधले मोकळ्या कोटातले अण्णा. बटणाचा आवाज मी घरी त्याच कोटावर मोबाइलनं रेकॉर्ड करून दिला, पंखा बंद करून.

क्लोजमधलं "गाडी नाही चुकली" मात्र गेलं. त्यात कोट मोकळा होता आणि त्या जागी तो बंदच हवा होता. दुपारी घेतलेल्या त्या टेकमध्ये नटानं 'गाडी' म्हणून क्षणभर कपात पाहिलं होतं, ते मास्टरमध्ये नाही. दिग्दर्शकानं तो तुकडा तीनदा लावून पाहिला, तीनदा काढला, आणि शेवटी त्याचा नुसता आवाज सुनेच्या चेहऱ्यावर ठेवला.